फॅट बर्नरच्या बाटलीवरचे शिक्के नेमके काय सांगतात?

प्रश्न : माझी धाकटी बहीण ३१ वर्षांची आहे. जिममधल्या ट्रेनरच्या सांगण्यावरून ती दोन महिन्यांपासून फॅट बर्नरच्या कॅप्सूल घेते आहे. दिवसाला चार, त्यातल्या दोन सकाळी उपाशीपोटी. बाटलीवर एफएसएसएआयचा क्रमांक आहे, जीएमपी आहे, ‘लॅब टेस्टेड’ आणि ‘१०० टक्के नैसर्गिक’ असेही छापले आहे. घटकांत ग्रीन टीचा अर्क, गार्सिनिया आणि कॅफीन आहे. ट्रेनर म्हणतो, शेकडो जणांना दिले, कोणाला काही झाले नाही. तरी काळजी करावी का?

उत्तर :

करावी, आणि कॅप्सूल आजपासूनच थांबवाव्यात. पण नुसते ‘बंद कर’ म्हटले की समोरचा माणूस बाटलीवरचे शिक्के पुढे करतो आणि आपल्याला उत्तर सुचत नाही, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर सांगतो. हे शिक्के खोटे असतात असे माझे म्हणणे नाही. त्यांतला प्रत्येक शिक्का कोणत्या ना कोणत्या प्रश्नाचे खरे उत्तर देत असतो. अडचण एवढीच, की ‘हे घेतल्याने माझ्या यकृताला किंवा हृदयाला इजा होईल का’ हा प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही विचारलेला नसतो.

एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक हा अन्नव्यवसाय करणाऱ्याचा परवाना आहे. तो पापडाच्या पाकिटावर असतो तसाच या बाटलीवर असतो. पूरक आहारासाठी २०१६ साली स्वतंत्र नियम झाले आणि त्यांत कोणते घटक चालतील याच्या याद्या आहेत. यादीतले घटक मर्यादेत वापरून केलेले मिश्रण बाजारात आणण्याआधी ते माणसांवर तपासून पाहण्याची अट उत्पादकावर नाही. औषधाच्या बाबतीत ती असते. म्हणूनच या बाटल्यांवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाचे वाक्य छापणे बंधनकारक आहे, आणि ते बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत छापलेले आढळते. ‘जीएमपी’ म्हणजे कारखान्यातली स्वच्छता, नोंदी आणि प्रत्येक बॅच सारखी निघावी यासाठीची शिस्त. एखादा अपायकारक अर्क अत्यंत स्वच्छ कारखान्यात, प्रत्येक कॅप्सूलमध्ये अगदी सारख्या प्रमाणात भरला, तरी जीएमपीची अट पुरी होते. आयात केलेल्या मालावर ‘अमेरिकन एफडीए नोंदणीकृत’ असे लिहिलेले असते. ती नोंदणी कारखान्याची असते, आणि अमेरिकेतही १९९४ च्या कायद्यानुसार पूरक आहाराला विक्रीपूर्व मान्यता लागत नाही.

आता वजन कमी होण्याच्या दाव्याकडे पाहू. आपल्याकडे १९५४ चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आहे, आणि ज्या विकारांवर इलाज करण्याची जाहिरात त्याने मनाई केली आहे त्यांच्या अनुसूचीत स्थूलतेचा उल्लेख आहे. त्यामुळे सावध उत्पादक बाटलीवर ‘चयापचयास साहाय्य करते’ एवढेच लिहितो. ‘एका महिन्यात आठ किलो’ हे वाक्य बाटलीवर नसते; ते ट्रेनरच्या तोंडी, रीलमध्ये किंवा व्हॉट्सअॅपच्या गटात असते. दाव्याची ही वाटणी सोयीची आहे, कारण लेबल तपासणाऱ्या निरीक्षकाला त्यात काही सापडत नाही आणि ग्राहकाच्या कानावर मात्र जे पडायचे ते पडलेले असते.

‘लॅब टेस्टेड’ या शिक्क्याला अधिक जागा द्यावी लागेल. प्रयोगशाळा तिला जे शोधायला सांगितले जाते तेच शोधते. पूरक आहाराच्या अहवालात बहुधा शिसे, पारा, आर्सेनिकसारखे जड धातू, जिवाणू-बुरशीची मोजणी आणि ओलाव्याचे प्रमाण असते. या अहवालात सगळे ठीक असूनही कॅप्सूलमध्ये लेबलवर नसलेले औषध मिसळलेले असू शकते, कारण त्यासाठी निराळी तपासणी करावी लागते आणि ती कोणी मागितलेलीच नसते. शिवाय अहवाल ज्या नमुन्याचा आहे तो कंपनीने स्वतः पाठवलेला असतो; तुमच्या हातातल्या बाटलीचा बॅच क्रमांक आणि अहवालावरचा बॅच क्रमांक एकच आहे का, हे विचारल्यावर विक्रेत्यांची मोठी पंचाईत होते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या एफडीएने २००७ ते २०१६ या दहा वर्षांत लेबलवर नसलेली औषधे सापडल्याबद्दल ज्या ७७६ पूरक उत्पादनांची नोंद केली, त्यांतली ३१७ वजन घटवण्यासाठी विकली जात होती. आणि त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामीन होते. हे भूक मारणारे औषध एके काळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर राजरोस मिळत असे. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे १०,००० रुग्णांच्या एका दीर्घ चाचणीत, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना औषध नसलेल्या निष्क्रिय गोळीच्या गटात १० टक्के, तर सिब्युट्रामीनच्या गटात ११.४ टक्के रुग्णांना झाल्या. २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली. वैध बाजारातून हाकललेले हे औषध ‘हर्बल’ कॅप्सूलमधून परत आले, कारण ते खरोखर भूक कमी करते, आणि वनस्पतीचे नाव लावून विकणाऱ्याला नेमका तोच परिणाम हवा असतो.

यातून एक उपयोगी खूण मिळते, आणि ती ग्राहकाच्या अपेक्षेच्या बरोबर उलटी आहे. ग्रीन टी, गार्सिनिया, मेथी, त्रिफळा यांपैकी कशानेही चार दिवसांत भूक नाहीशी होत नाही. ‘हर्बल’ म्हणवणारी कॅप्सूल सुरू केल्यावर आठवड्याच्या आतच जेवणाची इच्छा गेली, तोंडाला कोरड पडू लागली, झोप उडाली, बद्धकोष्ठ झाले आणि बसल्याजागी नाडी ९०-१०० च्या घरात राहू लागली, तर लेबलवरच्या घटकांनी या गोष्टी एकत्र घडणे अवघड आहे. सिब्युट्रामीनने मात्र त्या नेमक्या अशाच घडतात. कॅफीनचा मोठा डोस झोप उडवील आणि छातीत धडधड आणील, पण भूक इतकी मारणार नाही. म्हणजे जी बाटली लगेच ‘लागू पडते’ तिच्याविषयी अधिक संशय घ्यायला हवा. नैराश्यावरील काही गोळ्या चालू असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर हे मिश्रण तत्काळ धोकादायक ठरू शकते, कारण दोन्ही औषधे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करतात.

आता असे धरून चालू, की तुमच्या बहिणीच्या बाटलीत कोणतीही लबाडी नाही आणि लेबलवर जे आहे तेच आत आहे. माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग इथूनच सुरू होतो.

ग्रीन टीच्या अर्कात इजीसीजी नावाचे एक संयुग असते आणि चरबी ‘जाळण्याचे’ श्रेय त्यालाच दिले जाते. लेबल असे वाचावे : ‘ग्रीन टी अर्क ५०० मिलिग्रॅम, इजीसीजी ५० टक्के’ असे लिहिले असेल तर एका कॅप्सूलमध्ये २५० मिलिग्रॅम इजीसीजी असते, आणि चार कॅप्सूलमधून दिवसाला १,००० मिलिग्रॅम पोटात जाते. युरोपमध्ये चहा म्हणून ग्रीन टी पिणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम इजीसीजी जाते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये उपलब्ध चाचण्या तपासून असा निष्कर्ष काढला, की पूरक आहारातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक इजीसीजी घेतल्यास यकृताला इजा झाल्याचे दाखवणारी विकरे रक्तात वाढतात. त्यानंतर २०२२ च्या नियमाने युरोपीय संघात दिवसाची मात्रा ८०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचे बंधन आले, आणि ‘उपाशीपोटी घेऊ नये’ अशी सूचना लेबलवर सक्तीची झाली. उपाशीपोटी घेतलेला अर्क रक्तात कितीतरी अधिक प्रमाणात उतरतो. आपल्याकडचे ट्रेनर ‘सकाळी उपाशीपोटी घ्या, लवकर फरक पडेल’ असे सांगतात. परिणाम वाढवण्यासाठी दिलेला हा सल्ला नेमकी इजेची शक्यता वाढवतो. बहिणीच्या बाटलीवर टक्केवारीच छापलेली नसेल आणि नुसते ‘ग्रीन टी अर्क’ किंवा ‘विशेष मिश्रण १,२०० मिलिग्रॅम’ असे असेल, तर हा हिशेब करताच येत नाही, आणि ज्या अर्काचा हिशेब करता येत नाही तो घेऊ नये असे मी रुग्णांना सांगतो.

गार्सिनिया हा आपल्या कोकमाचा भाऊबंद आहे. कोकम गार्सिनिया इंडिका, तर कॅप्सूलमधला बहुधा केरळात माशांच्या कालवणात घालतात तो कुडमपुळी. सोलकढीबद्दल कोणी घाबरण्याचे कारण नाही. स्वयंपाकातली आमसुले आणि त्याच कुळातल्या फळातले आम्ल ५०-६० टक्क्यांपर्यंत घट्ट करून महिनोन्महिने रोज घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचा उपयोग किती, हे १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर तपासले गेले. त्यांना बारा आठवडे दररोज गार्सिनियातले १,५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल किंवा तसेच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली, आणि दोन्ही गटांना कमी उष्मांकांचा आहार होता. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने घटले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थहीन होता, पण जाहिराती कशा चालतात हे कळण्यासाठी दुसरा आकडा मोलाचा आहे. त्या गटातल्या कोणाचाही ‘आधी’ आणि ‘नंतर’चा फोटो घेतला असता तर निष्क्रिय गोळीची उत्तम जाहिरात झाली असती. ट्रेनर बाटलीबरोबर आहाराचा तक्ता देतो, साखर बंद करतो, व्यायाम करून घेतो. वजन त्याने घटते आणि श्रेय बाटलीला मिळते. काही ‘स्लिमिंग’ चहांत सोनामुखी असते. जुलाबाने पाणी आणि पोटॅशियम जाते, काटा दोन किलो खाली येतो आणि चरबी जागच्या जागी राहते.

‘शेकडो जणांना दिले, कोणाला काही झाले नाही’ हे ट्रेनरचे म्हणणे मी खोटे मानत नाही. ग्रीन टी अर्काने यकृताला होणारी गंभीर इजा दुर्मीळ आहे आणि ती सर्वांना सारखी होत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांत अशी इजा झालेल्यांमध्ये एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळला, आणि गार्सिनियाच्या रुग्णांतही त्याच्याशी संबंध दिसला. म्हणजे एकाच बाटलीतून दहा जणींनी कॅप्सूल घेतल्या तर नऊ जणींना काहीच होणार नाही आणि दहावी रुग्णालयात येईल, असे घडू शकते. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. ३०० जणांत एकही घटना दिसली नाही, तर खरा धोका जास्तीत जास्त किती असू शकतो? तीनाला ३०० ने भागावे : १ टक्का. म्हणजे ३०० समाधानी ग्राहकांनंतरही दर १०० मध्ये एकाला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि हौसेच्या कॅप्सूलसाठी हा धोका फारच मोठा आहे. ‘क्लिनिकली प्रूव्हन’ असे लिहिलेल्या चाचणीत अर्क घेणारे ३० लोक असतील, तर हेच गणित १० टक्क्यांवर जाते. अशी चाचणी वजनाबद्दल कदाचित काही सांगेल. सुरक्षिततेबद्दल ती जवळपास काहीच सांगत नाही. शिवाय ज्याला त्रास होतो तो जिमला येणे बंद करतो, आणि ट्रेनरच्या हिशेबात तो ‘आळशी निघाला’ म्हणून जमा होतो.

अशी इजा प्रत्यक्षात कशी दिसते, हे ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगतो. तिशीतल्या एक बाई पावसाळ्यात कावीळ घेऊन आल्या. तीन आठवडे मळमळ होती, जेवण जात नव्हते, लघवी गडद होत होती. त्यांना सुरुवातीला आनंदच झाला होता, कारण भूक कमी होणे म्हणजे कॅप्सूल काम करते आहे अशी त्यांची समजूत होती. यकृताच्या दाहाचे पहिले लक्षण आणि जाहिरातीतले आश्वासन एकसारखेच असते, आणि त्यात मौल्यवान दिवस जातात. तपासणीत यकृताच्या इजेने रक्तात वाढणारे एसजीपीटी हे विकर १,१०० च्या पुढे होते (एरवी ते ४० च्या आसपास असते) आणि काविळीचा पिवळेपणा आणणारे बिलिरुबिन ८. पावसाळ्यातली कावीळ म्हटली की महाराष्ट्रात डॉक्टरांच्या मनात आधी हिपॅटायटिस ए आणि ई येतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या दोन्ही तपासण्या नकारात्मक आल्या, बी आणि सी नव्हते, स्वप्रतिकारी आजाराच्या खुणा नव्हत्या, सोनोग्राफीत पित्तमार्ग मोकळा होता. ‘काही औषध घेता का’ या प्रश्नाला त्यांनी तीनदा ‘नाही’ म्हटले होते, कारण त्यांच्या मते ते औषध नव्हतेच. ‘जिममधून, आयुर्वेदिक, पावडर, चहा, असे काही?’ असे विचारल्यावर पर्समधून बाटली निघाली. दरम्यान नातेवाइकांनी कावीळ उतरवण्यासाठी एक झाडपाल्याचे औषधही सुरू केले होते. तेही थांबवावे लागले, नाहीतर दोषी कोण हे कळणेच अशक्य होते.

कॅप्सूल थांबवल्यावर दहा-बारा दिवसांत एसजीपीटी निम्म्याहून खाली आले आणि तीन महिन्यांत सारे पूर्ववत झाले. सगळेच इतके सुदैवी नसतात. औषधाने यकृतपेशींना इजा होऊन तिच्यासोबत कावीळही दिसू लागली, तर साधारण दहातला एक रुग्ण दगावतो किंवा त्याला यकृत प्रत्यारोपण लागते, हा यकृततज्ज्ञ हायमन झिमरमन यांच्या निरीक्षणावरून आलेला आणि अजून टिकून असलेला अंदाज आहे. हायड्रॉक्सिकट या अमेरिकेत प्रचंड खपणाऱ्या फॅट बर्नरच्या बाबतीत २००९ मध्ये हेच झाले : यकृताच्या गंभीर इजेच्या २३ तक्रारी, त्यांत प्रत्यारोपणाची गरज पडलेला रुग्ण आणि एक मृत्यू, त्यानंतर कंपनीने १४ उत्पादने परत घेतली. नाव तेच ठेवून घटक बदललेले उत्पादन पुढे पुन्हा बाजारात आले. म्हणून ‘इतक्या वर्षांचा ब्रँड आहे’ या युक्तिवादालाही फार अर्थ नाही. ब्रँड जुना असतो, आतले मिश्रण नवे असते. अमेरिकेच्या औषधजन्य यकृतइजेच्या नोंदवहीत २००४ ते २०१३ या काळात वनस्पतिजन्य आणि पूरक उत्पादनांचा वाटा ७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला.

बहिणीसाठी आता काय करावे? कॅप्सूल थांबवाव्यात, मात्रा हळूहळू कमी करण्याची गरज नाही, कॅफीन सुटल्याने दोन-तीन दिवस डोके दुखेल एवढेच. तिला काहीही त्रास नसला तरी एकदा यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी आणि रक्तदाब व नाडी मोजावी. धडधड होत असेल तर ईसीजीही काढावा. एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तीन पटींपेक्षा अधिक असेल, किंवा बिलिरुबिन वाढलेले असेल, तर त्याच दिवशी फिजिशियनला दाखवावे आणि रक्त गोठण्याची आयएनआर ही तपासणी करावी, कारण यकृत कितपत काम करते आहे हे एसजीपीटीपेक्षा तिच्यावरून चांगले कळते. डोळे पिवळे होणे, चहासारखी गडद लघवी, अंगाला खाज, सतत मळमळ किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. तपासणी सामान्य आली तर तिचा अर्थ ‘कॅप्सूल पचतात, चालू ठेवू’ असा काढू नये; ही इजा बहुधा सुरू केल्यापासून एक ते सहा महिन्यांत केव्हाही दिसते, आणि तिला तर आत्ताशी दोनच महिने झाले आहेत. ज्यांना एकदा इजा झाली त्यांनी तोच अर्क दुसऱ्या नावाच्या बाटलीतूनही पुन्हा घेऊ नये, कारण दुसऱ्या वेळची इजा लवकर येते आणि बहुधा अधिक तीव्र असते.

बाटली फेकू नका. उरलेल्या कॅप्सूल, बॅच क्रमांक दिसेल असा लेबलचा फोटो आणि पैसे दिल्याची पावती किंवा यूपीआयची नोंद जपून ठेवा. त्रास झाला असेल तर डॉक्टरांमार्फत किंवा स्वतः औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते, आणि उत्पादनाविरुद्धची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. लेबलवर नसलेल्या औषधाचा संशय असेल तर तक्रारीत ‘सिब्युट्रामीनसाठी तपासावे’ असे स्पष्ट लिहा. तसे न लिहिल्यास नमुना पुन्हा जड धातूंसाठीच तपासला जाण्याचा संभव असतो.